कागदावरचा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पाइसचे आकडे

एका ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर कागदावर डिझाइन करायला पेन्सिल, ओहमचा नियम आणि अर्धा तास पुरतो. तो नीट चालेल का, हे पाहायचे रस्ते दोन. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ब्रेडबोर्डवर जोडायचा, किंवा आधी संगणकावर स्पाइसमध्ये चालवून बघायचा. बहुतेक विद्यार्थी आता दुसऱ्या रस्त्यानं जातात, आणि ते योग्यच आहे. पण स्पाइस चालवणं वेगळं आणि स्पाइस वाचणं वेगळं. पडद्यावर गुळगुळीत आलेख उमटला की डिझाइन बरोबर आहे असं वाटू लागतं. चुकीच्या सर्किटचा आलेखही तितकाच गुळगुळीत असतो.

स्पाइस १९७० च्या दशकातलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या विभागात लॉरेन्स नेगल यांनी प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली ते लिहिलं आणि १९७३ मध्ये ते जगासमोर आलं. तेव्हा सर्किटचं वर्णन पंच केलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावरून संगणकाला दिलं जाई. एका ओळीत एक भाग, ही पद्धत तिथूनच आली. बर्कलीनं हा प्रोग्रॅम खुला ठेवला, म्हणून त्याची पिलावळ मोठी आहे. एनजीस्पाइस आणि एलटीस्पाइस ही आज सर्वाधिक ऐकू येणारी नावं. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातून तयार झालेलं ई-सिम हे मोफत सॉफ्टवेअरही आत एनजीस्पाइसच वापरतं. पुढचं उदाहरण एनजीस्पाइसचं आहे. बाकीच्यांत आज्ञा थोड्या बदलतात, विचार बदलत नाही.

आपला अ‍ॅम्प्लिफायर नेहमीचा, कॉमन एमिटर जातीचा. सप्लाय १२ व्होल्ट. बेसला ठरावीक व्होल्टेज मिळावं म्हणून सप्लाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये ५६ किलोओहम आणि १० किलोओहम यांची जोडी. कलेक्टरला ४.७ किलोओहम, एमिटरला १ किलोओहम. सिग्नल आत आणायला आणि बाहेर न्यायला प्रत्येकी १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि एमिटरच्या रेझिस्टरला समांतर १०० मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटर. सिग्नलच्या उगमाचा अंतर्गत रोध ६०० ओहम धरू आणि लोड १० किलोओहमचा.

स्पाइस सुरू करण्याआधी आपले आकडे वहीत लिहून ठेवायचे, हा माझा आग्रह आहे. नंतर लिहिले तर स्पाइसचं उत्तर डोळ्यासमोर असतं आणि हात नकळत तिकडे झुकतो. बेसमधून जाणारा करंट नगण्य धरला, तर १२ व्होल्टचे दोन भाग होऊन बेसवर १.८२ व्होल्ट येतात. बेस आणि एमिटर यांच्यात साधारण ०.६५ व्होल्ट पडतात, म्हणजे एमिटरवर १.१७ व्होल्ट. एमिटरचा रेझिस्टर १ किलोओहमचा, म्हणून करंट १.१७ मिलीअँपिअर. तोच करंट कलेक्टरच्या ४.७ किलोओहममधून गेला की तिथे ५.५ व्होल्ट पडतात आणि कलेक्टरवर ६.५ व्होल्ट उरतात. सप्लायच्या जवळपास मध्यावर, म्हणजे सिग्नलला वर-खाली हलायला जागा आहे. इथवरचे हे सगळे आकडे सिग्नल नसतानाच्या स्थितीचे. यालाच ऑपरेटिंग पॉइंट म्हणतात. वर्गात याला क्यू पॉइंट असंही म्हणतात.

आता स्पाइससाठी लिहिलेलं तेच सर्किट:

```
CE amplifier check
VCC vcc 0 12
VIN in 0 DC 0 AC 1
RS in a 600
CIN a b 10u
R1 vcc b 56k
R2 b 0 10k
RC vcc c 4.7k
RE e 0 1k
CE e 0 100u
Q1 c b e QN
COUT c out 10u
RL out 0 10k
.model QN NPN(IS=1e-14 BF=200 VAF=100
+ CJE=8p CJC=4p TF=0.4n)
.end
```

प्रत्येक ओळीत भागाचं नाव, तो ज्या बिंदूंना जोडलाय त्या नोडची नावं आणि शेवटी किंमत. `0` हा नोड म्हणजे ग्राउंड, आणि तो असलाच पाहिजे. पहिली ओळ स्पाइस कायम शीर्षक म्हणून वाचतं. शीर्षक लिहायला विसरून थेट `VCC` पासून सुरुवात केली, तर सप्लायची ओळच शीर्षक ठरते आणि सर्किट विजेविना उरतं. ट्रान्झिस्टरचं मॉडेल इथे मुद्दाम छोटं ठेवलंय, म्हणजे त्यातला प्रत्येक आकडा हातानं तपासता येईल. `BF` म्हणजे बीटा, बेसच्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरमध्ये वाहतो ते. `VAF` मुळे कलेक्टरवरच्या व्होल्टेजचा करंटवर होणारा थोडासा परिणाम हिशोबात येतो. उरलेले तीन आकडे वरच्या फ्रिक्वेन्सीसाठी आहेत. बाजारातल्या बीसी ५४७ चं उत्पादकानं दिलेलं मॉडेल याहून बरंच लांब असतं.

मग ऑपरेटिंग पॉइंट विचारायचा:

```
op
print v(b) v(e) v(c) @q1[ic] @q1[ib]
```

उत्तर येतं: बेस १.७७३ व्होल्ट, एमिटर १.११७, कलेक्टर ६.७७७. कलेक्टरचा करंट १.१११ मिलीअँपिअर, बेसचा ५.२९ मायक्रोअँपिअर.

वहीतल्या आकड्यांच्या हे जवळ आहे, तंतोतंत तेच नाही. इथे ‘जवळच आहे, ठीक आहे’ म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. पण ऑपरेटिंग पॉइंट वाचण्याचा खरा भाग इथेच सुरू होतो. फरक कुठून आला, हे सांगता आलं पाहिजे. बेसवर आपण १.८१८ धरले होते, आले १.७७३. ४५ मिलिव्होल्ट कमी. बेसच्या बाजूनं पाहिलं तर ५६ आणि १० किलोओहमची जोडी म्हणजे सुमारे ८.५ किलोओहमचा रोध. त्यातून ५.२९ मायक्रोअँपिअर गेले की बरोबर ४५ मिलिव्होल्ट पडतात. आपण जो बेसचा करंट सोडून दिला होता, तोच हा. एमिटरचं व्होल्टेज त्याच मापानं खाली आलं, करंट पाच टक्क्यांनी घटला, आणि म्हणून कलेक्टर थोडा वर गेला. एका कारणात सगळा फरक बसला. असा बसत नसेल तर सर्किटच्या टायपिंगमध्ये काहीतरी गडबड आहे असं समजावं.

आणखी दोन गोष्टी याच यादीतून पाहाव्यात. बेस आणि एमिटरमधला फरक ०.६५७ व्होल्ट आहे. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरला या करंटला एवढंच हवं. तो ०.३ दिसला तर ट्रान्झिस्टर बंद आहे, १ व्होल्टच्या वर दिसला तर जोडणी चुकलीय. दुसरं, कलेक्टर आणि एमिटरमध्ये ५.६६ व्होल्ट आहेत. हा आकडा ०.१-०.२ व्होल्टवर आला असता तर ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमध्ये अडकलाय, म्हणजे पूर्ण चालू स्विचसारखा बसलाय आणि त्याच्याकडून वर्धन होणार नाही.

बीटाची चाचणीही लगेच होते. बीसी ५४७ च्या ‘बी’ गटाचा बीटा २०० पासून ४५० पर्यंत कुठेही असू शकतो, हे उत्पादकच सांगतात. मॉडेलमध्ये `BF=400` करून पुन्हा `op` चालवलं, तर बेसचा करंट जवळजवळ निम्मा होतो, पण कलेक्टरचा करंट १.१११ वरून १.१३५ मिलीअँपिअरवर जातो. म्हणजे जेमतेम दोन टक्के. एमिटरचा रेझिस्टर आणि बेसची जोडी बरोबर निवडल्याचा हा पुरावा. पाकिटातला कुठलाही ट्रान्झिस्टर लावला तरी बायसिंग हलणार नाही.

टायपिंगमधली एक चूक मी स्वतंत्र सांगतो, कारण ती सर्वांत फसवी आहे. स्पाइसला मोठं आणि लहान अक्षर सारखंच. त्यामुळे `1M` म्हणजे दहा लाख ओहम नव्हे, एक मिलिओहम. मेगा लिहायचं असेल तर `1MEG` लिहावं लागतं. बेस आणि सप्लायमध्ये कुणी `1M` चा रेझिस्टर टाकला, तर तिथे जवळजवळ शॉर्ट होतो. स्पाइस तक्रार करत नाही. ऑपरेटिंग पॉइंटच्या यादीत मात्र बेसवर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, आणि वहीत १.८ लिहिलेलं असेल तर डोळा तिथेच थांबतो. कपॅसिटरच्या बाबतीत `1F` म्हणजे एक फॅरड नसून एक फेम्टोफॅरड, हे त्याचंच भावंड.

आता एसी स्वीपकडे. अ‍ॅम्प्लिफायर कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती पट वाढवतो, हे त्यातून कळतं. पण स्पाइस हे कसं काढतं ते आधी समजून घेतलं पाहिजे. ते प्रथम ऑपरेटिंग पॉइंट काढतं. मग त्या बिंदूपाशी ट्रान्झिस्टरच्या वक्र आलेखाला एक सरळ स्पर्शरेषा काढतं आणि पुढचं सगळं गणित त्या सरळ रेषेवर करतं. या रेषेचा चढ म्हणजे ट्रान्सकंडक्टन्स, `gm`. बेसवर एक मिलिव्होल्ट वाढला की कलेक्टरचा करंट किती वाढेल, ते हा आकडा सांगतो. खोलीच्या तापमानाला तो काढणं सोपं आहे: करंट भागिले सुमारे २६ मिलिव्होल्ट. आपल्या सर्किटमध्ये तो ०.०४३ सीमेन्स येतो, आणि `print @q1[gm]` तोच आकडा दाखवतं. ऑपरेटिंग पॉइंट चुकला तर ही स्पर्शरेषाच भलत्या जागी काढली जाते. म्हणून आधी `op`, मग `ac`. हा क्रम मी कधी मोडू देत नाही.

वहीतला गेनचा अंदाज असा. करंट १.१७ मिलीअँपिअर धरला तर `gm` ०.०४५. कलेक्टरचा ४.७ आणि लोडचा १० किलोओहम समांतर म्हणजे ३.२ किलोओहम. गुणाकार १४४. आत येताना ६०० ओहमच्या रोधावर सिग्नलचा थोडा भाग वाया जातो. अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट रोध सुमारे २.९ किलोओहम, म्हणून ८३ टक्के सिग्नल बेसपर्यंत पोचतो. एकूण गेन ११९, म्हणजे ४१.५ डेसिबल. मग स्पाइसला विचारलं:

```
ac dec 20 1 10meg
plot vdb(out)
```

१ हर्ट्झपासून १० मेगाहर्ट्झपर्यंत, प्रत्येक दशकात २० बिंदू. आलेखाचा मधला सपाट भाग ४०.९ डेसिबलवर बसतो, म्हणजे १११ पट. आपल्यापेक्षा सुमारे सात टक्के कमी. करंट पाच टक्क्यांनी कमी निघाला होता, त्यामुळे `gm` कमी झाला. ट्रान्झिस्टरचा स्वतःचा ९५ किलोओहमच्या आसपासचा आउटपुट रोध लोडला समांतर बसतो, त्यानं आणखी तीन टक्के घेतले. उलट करंट कमी झाल्यानं इनपुट रोध किंचित वाढला आणि थोडं परत मिळालं. हिशोब जुळला.

आलेखाच्या डाव्या टोकाशी मात्र मोठा धक्का आहे. पुष्कळ जण बायपास कपॅसिटर निवडताना त्याच्या शेजारचा रेझिस्टर घेतात: १ किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड, म्हणजे १.६ हर्ट्झ. ‘आवाजाची सुरुवात २० हर्ट्झपासून होते, म्हणजे भरपूर मोकळीक आहे’ असं वहीत लिहिलेलं असतं. एसी स्वीपमध्ये गेन तीन डेसिबलनं उतरतो तो सुमारे ६५ हर्ट्झला. चाळीस पट फरक. तबल्याच्या डग्ग्याचा गाभा जिथे असतो, तिथपर्यंत हा उतार येऊन पोचतो.

चूक स्पाइसची नाही. कपॅसिटरच्या जागी उभं राहून सर्किटकडे पाहिलं की १ किलोओहमचा रेझिस्टर दिसतो, पण त्याला समांतर ट्रान्झिस्टरचा एमिटरही दिसतो. आणि एमिटरमधून आत पाहिलं तर रोध फार छोटा: २६ मिलिव्होल्ट भागिले १.१ मिलीअँपिअर, म्हणजे तेवीस-चोवीस ओहम. बेसच्या बाजूचा रोध बीटानं भागून त्यात मिळवला की सुमारे २५. कपॅसिटरला खरी गाठ या २५ ओहमशी घालायची आहे. २५ ओहम आणि १०० मायक्रोफॅरड यांचा हिशोब ६३-६४ हर्ट्झ देतो. इनपुटच्या कपॅसिटरचा हिशोब साधारण ४ हर्ट्झचा आणि आउटपुटचा १ हर्ट्झचा, त्यामुळे ते दोघे इथे फारसे बोलत नाहीत. म्हणजे इनपुटचा कपॅसिटर १० चा १०० करून या उताराला काहीही फरक पडणार नाही. एमिटरचा ४७० मायक्रोफॅरड केला की तीन डेसिबलचा बिंदू १६-१७ हर्ट्झवर येतो. किंमत रुपया-दोन रुपयांनी वाढेल, पण कुठला कपॅसिटर बदलायचा हे कळलं, ही एसी स्वीपची कमाई.

उजवीकडचा उतार सुमारे १ मेगाहर्ट्झपाशी येतो. कलेक्टर आणि बेस यांच्यातली जेमतेम २ पिकोफॅरडची धारिता गेनमुळे १३४ पट भासते, हा मिलर परिणाम. आवाजासाठी त्याची चिंता नको. पण याच सर्किटला उगमाचा रोध ६०० ऐवजी ५० किलोओहम मिळाला तर हा बिंदू झपाट्यानं खाली येईल, म्हणून स्वीपमध्ये खरा उगमरोध लिहावा. शून्य लिहिला तर आलेख खोटा छान दिसतो.

एसी स्वीप काय सांगत नाही, हे त्याच्या पद्धतीतच आहे. आपण उगमाला `AC 1` दिलंय, म्हणजे एक व्होल्ट. आउटपुट १११ व्होल्ट येतं. सप्लाय १२ व्होल्टचा! नवख्या माणसाला हे वेड्यासारखं वाटतं. पण सरळ रेषेला शेवट नसतो. तिला सप्लाय माहीत नाही, क्लिपिंग माहीत नाही. एक व्होल्ट हे केवळ सोयीचं माप, म्हणजे आउटपुटचा आकडा हाच गेन. प्रत्यक्षात हा अ‍ॅम्प्लिफायर वरच्या बाजूला सुमारे साडेतीन व्होल्टांवर अडतो: १.११ मिलीअँपिअर गुणिले ३.२ किलोओहम. त्याच्या बऱ्याच आधी, बेसवर दहा मिलिव्होल्टांचा सिग्नल आला तरी लाटेचा आकार बिघडायला लागतो. ते पाहायचं तर `tran`, म्हणजे काळानुसार चालणारं विश्लेषण वापरावं लागतं. आणि उगमाच्या ओळीत `AC` हा शब्दच राहिला, फक्त साइन लाट लिहिली, तर एसी स्वीपसाठी सिग्नल शून्य असतो आणि आलेखात काहीच मिळत नाही. ‘सर्किट मेलंय’ म्हणून ट्रान्झिस्टर बदलत बसण्याआधी ती ओळ बघावी.

आता अशी वेळ, जेव्हा स्पाइस उत्तरच देत नाही. ते का होतं, हे डायोडच्या एका उदाहरणात कळतं. सिलिकॉनच्या जंक्शनवर व्होल्टेज १८ मिलिव्होल्टनं वाढलं की करंट दुप्पट होतो, ६० मिलिव्होल्टनं वाढलं की दहापट. अशा समीकरणाचं उत्तर थेट सूत्रानं मिळत नाही. स्पाइस न्यूटन-रॅफसन पद्धत वापरतं: एक अंदाज घ्यायचा, तिथे स्पर्शरेषा काढायची, ती सांगेल तिथे पुढचा अंदाज, आणि असं करत उत्तर हलेनासं होईपर्यंत. आता ५ व्होल्ट, १ किलोओहम आणि एक डायोड घ्या. खरं उत्तर ०.७ व्होल्टच्या आसपास. पहिला अंदाज ०.३ व्होल्ट घेतला तर तिथे डायोडमधून जवळजवळ काहीच वाहत नाही, स्पर्शरेषा आडवी असते, आणि ती सांगते: पुढचा अंदाज ५ व्होल्ट. डायोडवर ५ व्होल्ट धरले तर सूत्र जो करंट देतं, त्याचा आकडा अँपिअरमध्ये जवळपास ७० अंकी येतो. उलट अंदाज जास्त घेतला, समजा ०.९ व्होल्ट, तर प्रत्येक पायरी फक्त २६ मिलिव्होल्टनं खाली सरकते. उडी मारली तर कड्यावरून, चाललं तर गोगलगायीनं. म्हणून स्पाइसमध्ये जंक्शनच्या व्होल्टेजला एका वेळी किती उडी मारू द्यायची, यावर लगाम आहे. एवढं करूनही ठरलेल्या फेऱ्यांत, एनजीस्पाइसमध्ये १००, उत्तर स्थिरावलं नाही, तर ‘कन्व्हर्ज झालं नाही’ असं म्हणतात.

मग प्रोग्रॅम स्वतःच दोन युक्त्या करतो आणि पडद्यावर ते लिहूनही दाखवतो. `Starting dynamic gmin stepping` याचा अर्थ, त्यानं जागोजागी तात्पुरते रोध घालून सर्किट सोपं केलंय, आणि उत्तर मिळेल तसं तो ते काढून घेतोय. तेही फसलं तर `Starting source stepping`: सप्लाय शून्यापासून हळूहळू वाढवत १२ व्होल्टांपर्यंत न्यायचा. या ओळी दिसल्या आणि शेवटी उत्तर आलं, तर ते उत्तर खरंच आहे. घाबरायचं कारण नाही. पण आपल्यासारख्या एका ट्रान्झिस्टरच्या सर्किटला या युक्त्या लागल्या, तर माझा पहिला संशय जोडणीवर असतो.

बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते. आपल्या सर्किटमधून `RL` ची ओळ काढून टाका. `out` हा नोड आता फक्त कपॅसिटरला लटकलेला आहे. डीसीला कपॅसिटर म्हणजे तुटलेली तार, म्हणून त्या नोडचं व्होल्टेज किती, याला उत्तरच उरत नाही. `singular matrix` असा इशारा येतो तो यामुळे, आणि बरेचदा त्यात नोडचं नावही असतं. नोडचं नाव टाइप करताना एखादं अक्षर चुकलं, `vcc` चं `vc` झालं, तरी असाच एक अनाथ नोड जन्माला येतो. उपाय म्हणजे खरा लोड लिहिणं, नाहीतर `1MEG` चा रेझिस्टर ग्राउंडला जोडणं. एनजीस्पाइसमध्ये प्रत्येक नोडला आपोआप मोठा रेझिस्टर जोडणारा एक पर्याय आहे, `.options rshunt=1e12`. तो निदानासाठी चांगला: त्यानं सर्किट चालू झालं, तर कुठलातरी नोड लोंबकळतोय हे कळलं. मग तो नोड शोधावा आणि पर्याय काढून टाकावा. उलटा प्रकार कॉइलचा. डीसीला आदर्श कॉइल म्हणजे सरळ तार, आणि ती बॅटरीला समांतर लावली तर करंटला उत्तर नाही. कॉइलचा खरा तारेचा रोध, एखादा ओहम का असेना, लिहिला की प्रश्न सुटतो.

अडलं की `reltol` सैल करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. उत्तर किती हललं तर स्थिर समजायचं, याची ती मर्यादा. मुळात ती हजारात एक असते. ती शंभरात एक केली की हटवादी सर्किटही कधीकधी मान्य करतं. मला हा पहिला उपाय म्हणून मुळीच मान्य नाही. आपण आत्ताच सात टक्क्यांच्या फरकाची कारणं शोधली. मोजपट्टीच ढिली केली तर असे फरक तपासायचे कशाच्या आधारावर? जोडणी तपासली, मॉडेलचे आकडे तपासले, तरी अडलं, तर `.nodeset v(c)=6.5` अशी एक ओळ द्यावी. ती स्पाइसला सुरुवातीचा अंदाज देते, उत्तर लादत नाही. आणि हा अंदाज कुठून येतो? वहीतून.

`.nodeset` ची खरी गरज पडते ती वेगळ्याच ठिकाणी, जिथे स्पाइस तक्रार न करता उत्तर देतं आणि ते उत्तर आपल्याला नको असतं. स्वतःच स्वतःला बायस करणारा करंट सोर्स घ्या: वरची ट्रान्झिस्टरची जोडी खालच्या जोडीला करंट देते, आणि तो किती असावा हे खालची जोडी ठरवते. असं सर्किट १०० मायक्रोअँपिअरला समतोल साधतं, पण दोन्हींकडे शून्य करंट असला तरी समीकरणं तितकीच जुळतात. स्पाइस बरेचदा शून्याचं उत्तर शोधतं, कारण त्याची सुरुवात शून्यापासून होते. यादीत पिकोअँपिअर दिसतात, कुठलाही इशारा येत नाही, आणि त्यावर चालवलेला एसी स्वीप एक सुंदर, पूर्ण निरुपयोगी वक्र काढतो. इथे `.nodeset` देऊन हवं ते उत्तर मिळवणं आणि पुढे जाणं हा अर्धाच उपाय. प्रत्यक्ष चिपलाही सप्लाय चालू होताना हीच निवड असते, आणि तीही शून्यावर अडकू शकते. म्हणून अशा सर्किटला सुरुवातीचा थोडा करंट ढकलणारा वेगळा भाग जोडतात. तो जोडल्यावर `op` दोनदा चालवावं: एकदा `.nodeset` मध्ये शून्याजवळची व्होल्टेजेस देऊन, एकदा हव्या त्या बिंदूजवळची देऊन. दोन्ही वेळा १०० मायक्रोअँपिअर आले, तर सप्लाय हळूहळू चढवून `tran` चालवावं आणि करंट खरोखर उभा राहतो का ते पाहावं. एसी स्वीपचा नंबर त्यानंतर.